केस येईपर्यंत

आमच्या नात्यातल्या एका मुलाचा मंगल परिणय मे महिन्यात ठरला. माथ्यावरचे केस विरळ झालेले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिले, तर पहिले काही आठवडे केस जास्तच गळाले. असे होते; घाबरून औषध सोडू नये. गुण दिसायला ४ ते ६ महिने लागतात. म्हणजे लग्नापुरती सोय वेगळीच हवी.

तो डोके गोंदवून घ्यायला निघाला होता! सुईने कातडीत रंगाचे बारीक ठिपके भरतात, त्याला स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. दोन-तीन बैठका लागतात, रंग काही वर्षे टिकतो. आम्ही थांबवले. औषधाने केस कुठे आणि किती येतील हे कळण्याआधी ठिपके कुठे भरणार? नको असलेले काढायला पुन्हा लेसर.

आधी त्याला न्हाव्याकडे नेले. लांब केस आडवे विंचरून माथा झाकायची त्याची सवय. रत्नागिरीच्या दमट हवेत घामाने त्या केसांच्या बटा होतात आणि मधली कातडी अधिकच दिसते. बाजूचे केस बारीक, वरचे इंचभर, भांग नाही. निम्मे काम एवढ्यानेच झाले.

समारंभाच्या दिवशी हेअर फायबर वापरले. केराटिनची ही पूड असलेल्या केसांना चिकटते, पुऱ्या टकलावर टिकत नाही. औषध पूर्ण वाळल्यावर, कोरड्या केसांवर थोडीथोडी शिंपडून हलके थापायची. घामात तिचे गोळे होतात. म्हणून बजावले, "बाबा, कपाळ पुसू नकोस, रुमालाने टिप." रात्री डोके धुतले.

पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काळा डाग मात्र पडला.