आधी ‘आत्ता’ कुठे आहे ते ठरवा

सहावीला काळ शिकवायची वेळ आली की बहुतेक वर्गांत फळ्यावर बारा घरांचा तक्ता उभा राहतो. वर वर्तमान, भूत, भविष्य. डावीकडे साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. ‘मी आंबा खातो’ हे वाक्य एकेका घरातून फिरवले जाते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि चाचणीत ‘काळ ओळखा’ या प्रश्नाचे गुणही मिळवतात. याला पर्याय म्हणून दिवसाची काळरेषा काढावी आणि वाक्ये मुलांकडूनच घ्यावीत, असे सुचवले की तीन आक्षेप हमखास येतात: वेळ फार जातो, परीक्षेत शेवटी रूपेच विचारतात, आणि ज्या मुलांच्या घरी प्रमाण मराठी बोलली जात नाही, त्यांना शुद्ध रूपे तक्त्याशिवाय मिळणार कुठून? पहिल्या दोन आक्षेपांना उत्तर देणे अवघड नाही. तिसरा मात्र गंभीर आहे आणि तो मुलांच्या काळजीपोटी घेतलेला आहे, म्हणून त्याकडे मी सवडीने येतो.

तक्ता पाठ झालेल्या मुलाला एक साधी गोष्ट विचारून बघा. आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि मूल खाटेवरूनच ओरडते, ‘आलो!’ हा कोणता काळ? वर्गात उत्तर मिळते, भूतकाळ. कारण शेवटी ‘लो’ आहे. पण मूल अजून उठलेलेही नाही. ‘तुम्ही पुढे व्हा, मी येतोच’ या वाक्यातले रूप वर्तमानाचे आणि येणे मात्र पुढचे. ‘मी उद्या मामाकडे जातो’ याचेही तसेच. व्याकरणाच्या पुस्तकांत अशा प्रयोगांची नोंद ‘संनिहित भविष्य’ म्हणून असते. पण सहावीच्या तक्त्यात तिला घर नाही. ही वाक्ये मूल रोज बिनचूक बोलते आणि काळाच्या तासाला त्यांची उत्तरे चुकवते. बोलताना त्याला ठाऊक असलेली गोष्ट वर्गात त्याच्या उपयोगी पडत नाही, हा तक्त्याचा दोष आहे, मुलाचा नव्हे.

रूप आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वैयाकरणांना नीट माहीत होते. मोरो केशव दामले यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदाच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात अशी नावे दिली, ती शेवटच्या प्रत्ययावरून. रूपाला काळाचे नाव दिले नाही म्हणजे एकच रूप वेगवेगळ्या वेळा कसे दाखवते हे मोकळेपणाने पाहता येते. शालेय तक्ता नेमकी हीच सोय काढून घेतो. प्रत्यय दिसला की काळ ठरला, अशी सवय तो लावतो.

काळ म्हणजे घटना आणि बोलण्याचा क्षण यांच्यातले नाते. हे नाते प्रत्ययात शोधण्याआधी डोळ्यांना दिसले पाहिजे, आणि त्यासाठी रेषेइतके सोपे साधन नाही. पण इथे मला रेषेच्या उत्साही समर्थकांशीही भांडायचे आहे. रंगीत कागदाची रेघ, तिच्यावर सूर्य, दप्तर, जेवणाचे ताट अशी चित्रे, खाली ‘काल – आज – उद्या’ ही अक्षरे आणि भिंतीवर ती वर्षभर चिकटलेली: याने काळ शिकवला जात नाही. अशा रेषेत ‘काल’ म्हणजे भूत आणि ‘उद्या’ म्हणजे भविष्य एवढेच मूल शिकते. प्रत्ययाऐवजी कालवाचक शब्द ओळखू लागते, आणि ‘उद्या जातो’पाशी पुन्हा अडखळते. रेषेत प्राण येतो तो ‘आत्ता’च्या बाणाने, आणि तो बाण सरकवता आला पाहिजे.

मी ते कसे करतो ते सांगतो. आमचा फळा आठ फुटांचा आहे. त्यावर आडवी रेघ, सकाळी सहा ते रात्री दहा, म्हणजे सोळा तास. दर अर्ध्या फुटाला एक तास. सहाच्या आधी आणि दहाच्या पुढे रेघ तुटक ठेवायची, कारण काल आणि उद्या तिकडे आहेत. परिपाठ, मधली सुट्टी, शाळा सुटण्याची घंटा या सगळ्यांच्या सामाईक खुणा आधी करून घ्यायच्या. मग मुलांनी आपापल्या आजच्या दिवसातली एकेक गोष्ट कागदाच्या पट्टीवर लिहायची आणि आपल्या हाताने रेषेवर लावायची. ‘मी शेळीला पाला टाकला.’ ‘आईने भाकरी बांधून दिली.’ ‘नळ आला की मी पाणी भरणार.’ पुठ्ठ्याचा बाण त्या वेळी जिथे घड्याळ आहे तिथे, समजा साडेअकरावर.

आता एकच घटना धरायची: खिचडी. बाण साडेअकरावर आहे तोवर मुले म्हणतात, ‘आज खिचडी मिळेल.’ बाण सरकवून पावणेदोनवर, मधल्या सुट्टीत न्यायचा. समजा, आत्ता इतके वाजले आहेत, काय म्हणाल? ‘आम्ही खिचडी खातोय.’ बाण चारवर. ‘आम्ही खिचडी खाल्ली.’ खिचडीची पट्टी जागची हललेली नाही, हलला तो फक्त बाण, आणि वाक्य दोनदा बदलले. ही गोष्ट मुलांच्या तोंडून निघेपर्यंत पुढे जायची घाई करू नये. ती निघाली की भूत, वर्तमान, भविष्य ही नावे देणे हे दोन मिनिटांचे काम उरते.

पूर्ण आणि अपूर्ण काळासाठी बाणाच्या जोडीला दुसरी खूण लागते. हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली काळाची मांडणी तीन बिंदूंनी केली: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या क्षणावरून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भाचा क्षण. सहावीच्या वर्गात हे नाव घेण्याची गरज नाही. तिसरा बिंदू मात्र लागतोच. बाण चारवर ठेवायचा, आणि सुट्टी संपल्याची घंटा ही संदर्भाची खूण. घंटा झाली तेव्हा काय चालले होते? एक मुलगी म्हणते, ‘मी ताट धूत होते.’ दुसरा म्हणतो, ‘माझं जेवण झालं होतं.’ तिसऱ्याचे खाणे अजून सुरूच होते. घटना रेषेवर घंटेच्या अलीकडे संपली की पूर्ण, घंटेच्या दोन्ही बाजूंना पसरली की अपूर्ण. म्हणून चालू क्रियेची पट्टी आखूड न ठेवता लांब कापायची, म्हणजे ती घंटेच्या खुणेवर पसरलेली दिसते.

यात बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. मुलांना मोकळे सोडले तर ‘मी उठलो, मी दात घासले, मी आंघोळ केली’ अशी एकाच काळाची माळ तयार होते. ती वाक्ये मुलांची स्वतःची असतात खरी, पण त्यांतून काळ शिकला जात नाही. तेव्हा ‘हे झालं तेव्हा ते काय होतं?’ हा दोन घटना जोडणारा प्रश्न शिक्षकालाच विचारावा लागतो. रीतिकाळ तर एका दिवसाच्या रेषेत मावतच नाही. त्यासाठी आठवड्यातल्या पाच दिवसांच्या रेघा एकाखाली एक काढाव्या लागतात. पाणी भरण्याची पट्टी पाचही रेघांवर एकाच जागी आली की ‘मी रोज पाणी भरत असतो’ हे वाक्य मुलांना सुचते. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ याला तर या रेषेवर जागाच नाही, कारण ते कोणत्याही ‘आत्ता’ला बांधलेले नाही. तिथे रेषा बाजूला ठेवून हे तसेच सांगावे.

आता तो तिसरा आक्षेप. सोलापूर-लातूरकडचा मुलगा पट्टीवर ‘मी काम केलो’ लिहितो. विदर्भातली मुलगी ‘मी पाणी भरून राहिली’ म्हणते. शुद्ध रूपाचे काय, असे विचारणारे शिक्षक या पट्ट्या पाहून घाबरतात. पण दोघांनीही पट्ट्या लावल्या त्या अगदी योग्य जागी. मुलीची क्रिया चालू आहे आणि तिने लांब पट्टी घेतली आहे. तिला अपूर्ण काळ कळला आहे, ‘भरत आहे’ हे प्रमाण रूप त्याच जागेवर शेजारी लिहून द्यायचे. मुलाला भूतकाळ कळला आहे. त्याचा प्रश्न काळाचा नाहीच. प्रमाण मराठीत ‘काम’ नपुंसकलिंगी, म्हणून क्रियापद ‘केले’ होते, आणि ‘भाकरी’ असती तर ‘केली’. हा प्रयोगाचा भाग, तो वेगळ्या तासाला शिकवायचा. तक्ता या दोन गोष्टी एकाच घरात कोंबतो, मुलाचे उत्तर चूक ठरवतो आणि कुठे चुकले ते त्याला कळू देत नाही. प्रमाण रूप घरातून न मिळालेल्या मुलाला अर्थ आधी आपल्या भाषेत आणि मग त्याच अर्थाचे प्रमाण रूप, या क्रमाची सर्वांत जास्त गरज असते.

आणि रूपांचा खजिना मुलांच्या वाक्यांत तक्त्यापेक्षा मोठा निघतो. भविष्यकाळात तक्ता ‘भरीन’ म्हणतो, मुले ‘भरणार’ आणि ‘भरेन’ लिहितात. जुन्या सवयीसाठी पुस्तकात ‘भरत असे’, आणि आजोबांकडून ऐकून आलेली मुले सांगतात, ‘आजोबा विहिरीवरून पाणी भरायचे.’ ही सगळी रूपे रेषेवर आली की मग तक्ता जरूर काढावा. त्याची घरे याच पट्ट्यांनी भरायची, आणि जे घर रिकामे राहील तेवढेच पुस्तकातून घ्यायचे. वेळेचा हिशेब इथे फिटतो. कारण असा तक्ता सत्रअखेरीस पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागत नाही.

राहिली परीक्षा. मुलाला कळले की नाही हे पाहण्याची माझी कसोटी एकाच वाक्याची आहे: ‘पाऊस थांबला होता.’ हे रेषेवर लावा, असे सांगायचे. तक्त्यावर वाढलेले मूल ‘पूर्ण भूतकाळ’ म्हणून मोकळे होते. रेषेवर शिकलेले मूल पट्टी हातात धरून उलट विचारते, ‘कशाच्या आधी?’ प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘काळ ओळखा’खाली सुटी वाक्ये देण्याऐवजी चार ओळींचा प्रसंग द्यावा, त्यातले एक वाक्य अधोरेखित करावे आणि विचारावे: बोलणारा कोणत्या वेळी बोलतो आहे, आणि ही घटना तेव्हा झालेली आहे, चालू आहे की व्हायची आहे? काळाचे नाव त्याच्यानंतर विचारावे, आणि त्याला अर्धाच गुण ठेवावा.