दशांश चिन्हाएवढी चूक: ग्लुकोमीटर कंपनीच्या संचालकांना खुले पत्र

माननीय संचालक महोदय,

आपल्या कंपनीचा ग्लुकोमीटर माझ्या भाच्याने मेलबर्नहून आणला आणि आजोबांच्या हातात दिला. वडिलांना मधुमेह आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्यांनी बोट टोचले, पट्टीवर थेंब लावला आणि आईला सांगितले, "एकशे चोवीस." आईने वहीत 124 लिहिले. पडद्यावर होते 12.4. ते टिंब तिळाहून बारीक आहे, आणि शेजारची mmol/L ही अक्षरे त्याहून फिकी. हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. पडदा आपणच आखला आहे.

भारतात साखर मोजतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. एक माप वजनाचे, दुसरे रेणूंच्या संख्येचे. ग्लुकोजच्या एका मिलिमोलचे वजन 180 मिलिग्रॅम भरते आणि एका लिटरात दहा डेसिलिटर असतात, म्हणून मिलिमोलच्या आकड्याला 18 ने गुणले की आपल्याकडचा आकडा मिळतो. उलट जायचे तर 18 ने भागायचे. आमच्या 12.4 ला गुणा : 223. तोंडी करायचे तर आकड्याची दुप्पट करावी, 24.8; त्यातून तिचाच दहावा भाग, म्हणजे सुमारे 2.5, काढावा, उरतात 22.3, मग दहाने गुणावे. सातवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आपल्या जाडजूड माहितीपुस्तिकेत कुठेच का नाही?

सव्वा महिना आमची वही 124, 118, 131 असे आकडे दाखवत राहिली. डॉक्टरांनी ती पाहिली, "छान आहे" म्हणाले आणि गोळ्या आहे तेवढ्याच ठेवल्या. मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला : उपाशीपोटी 231. सगळ्यांनी आधी वडिलांकडेच पाहिले, चोरून काय खाल्ले म्हणून. त्यांच्यावर घेतलेला तो संशय मला अजून बोचतो.

चूक उलट्या दिशेनेही झाली. गोळ्या वाढवल्यावर एका पहाटे पडद्यावर 6.4 आले. घरात तोवर टिंबाचा उलगडा झालेला नव्हता. आईने 64 वाचले, साखर उतरली असे समजून घाबरली आणि त्यांना ग्लासभर साखरपाणी पाजले. खरा आकडा होता 115. त्या क्षणी साखरपाण्याची काडीमात्र गरज नव्हती.

आपल्या ग्राहकसेवेतील गृहस्थांनी मला फोनवर सांगितले की हे एकक कारखान्यातच पक्के केलेले असते, घरी बदलता येत नाही. ते मला पटते. पूर्वी काही मीटरांवर एकक बदलता यायचे आणि तारीख-वेळ लावताना ते नकळत बदलून जायचे. त्याबद्दल 2005 मध्ये अमेरिकेत इशारा द्यावा लागला होता. पण कुलूप घातले म्हणून पाटी लावायची नाही, असे थोडेच आहे? मीटर देश ओलांडतात. परदेशातल्या लेकी-नातवंडांच्या बॅगेतून ते सातारा-सांगलीला येतात, हे आपल्या विक्री विभागाला माहीत नाही का?

त्याच गृहस्थांनी दोन वचने दिली : 15 दिवसांत आमच्या एककाचा मीटर बदलून मिळेल, आणि रूपांतराचे छापील कार्ड टपालाने येईल. पाच महिने झाले. दोन्हींपैकी काहीच आलेले नाही. तिसऱ्या फोनवर तर "थोडा फरक मीटरमध्ये असतोच" असे ऐकवले गेले. साहेब, घरगुती मीटरला साधारण 15 टक्क्यांची सूट असते हे मला कळते. त्यापुढे 18 ऐवजी 18.016 ने गुणले तरी काही बिघडत नाही. पण 124 आणि 223 यांतला फरक मीटरचा नव्हे, वाचण्याचा आहे, आणि तसे वाचायला आपल्या पडद्याने लावले.

मागणे मोठे नाही. टिंब ठळक करा. खोक्यावर आणि मीटरच्या पाठीवर एक ओळ छापा : "आकड्यात टिंब असेल तर 18 ने गुणा." तिथेच हेही लिहा की हा 18 फक्त ग्लुकोजचा, कोलेस्टेरॉलचा गुणक वेगळा, सुमारे 38.7. नाहीतर उद्या कुणी तोही 18 ने गुणत बसेल.

सोबत वहीच्या चार पानांच्या प्रती जोडल्या आहेत. आईचे आकडे निळ्या शाईत आहेत. शेजारी लाल शाईत मी प्रत्येकाचा खरा आकडा लिहिला आहे.

आपला,
एक ग्राहक, सातारा