किनारा वाढला नाही, पट्टी आखूड झाली

गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ११,०९८.८१ किलोमीटर अशी छापली गेली. त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक शाळेच्या भूगोलापासून संसदेतील उत्तरांपर्यंत सर्वत्र ७,५१६.६ हा आकडा चालत होता. साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरांची ही भर जाहीर होताच वृत्तपत्रांनी 'भारताचा किनारा ४८ टक्क्यांनी वाढला' असे मथळे दिले. मथळ्यांशी माझे भांडण नाही. तो त्यांचा धंदा आहे. माझा आक्षेप आहे तो शासकीय टिप्पण्यांत हीच भाषा शिरू लागली याला. 'वाढलेल्या किनाऱ्याच्या अनुषंगाने वाढीव तरतूद' असे एकदा लिहिले गेले की एक भौमितिक गैरसमज अंदाजपत्रकात जाऊन बसतो आणि तेथून त्याला उठवणे कोणाच्याही हाती राहत नाही.

वास्तविक घडले ते असे. जुनी लांबी १ : ४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून काढलेली होती, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर साडेचार किलोमीटर. नवी लांबी १ : २,५०,००० प्रमाणावरून काढली, तेथे एक मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. पहिल्या नकाशावर वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतचा किनारा एखाद्या किंचित थरथरत्या रेषेसारखा दिसतो. दुसऱ्यावर प्रत्येक खाडीचे मुख, प्रत्येक भूशिर, प्रत्येक वळसा उमटतो. पट्टी अठरापट बारीक झाली आणि ज्या वळणांवरून ती आजवर सरळ उडी मारून जात होती त्यांच्या आत ती शिरू लागली. जमीन एक वीतही वाढलेली नाही.

हे कोडे नवे नाही. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन युद्धांची कारणे शोधत असताना देशादेशांमधील सीमांच्या लांब्या गोळा करीत होता. त्याला आढळले की एकच स्पेन-पोर्तुगाल सीमा स्पेनच्या मते ९८७ किलोमीटर होती आणि पोर्तुगालच्या मते १,२१४. (१,२१४ हाच गुजरातच्या किनाऱ्याचाही जुना आकडा होता, निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) लहान देश आपली सीमा बारीक पट्टीने मोजत असावा, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. त्याचे हे काम १९६१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले आणि १९६७ मध्ये बेन्वा मांडेलब्रो याने त्यावर ब्रिटनच्या किनाऱ्याविषयीचा आपला गाजलेला लेख उभा केला. ब्रिटनभोवती शंभर किलोमीटरच्या पावलांनी फिरले तर किनारा सुमारे २,८०० किलोमीटर भरतो, पन्नासच्या पावलांनी सुमारे ३,४००. पाऊल आणखी लहान करा, लांबी आणखी वाढेल, आणि ती कोठेतरी 'खऱ्या' आकड्यावर येऊन स्थिरावेल ही आपली अपेक्षा पुरी होत नाही.

ओढ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ओढ्यालाही मोठ्या नकाशावर अधिक वळणे दिसतात आणि त्याची लांबी वाढते; पण ओढ्याला रुंदी असते आणि आपल्या रुंदीहून बारीक वळण तो मध्यरेषेत घेत नाही. त्यामुळे साखळी घेऊन प्रत्यक्ष चालत गेलात तर एका मर्यादेनंतर लांबी वाढायची थांबते. किनाऱ्याच्या रेषेला रुंदी नाही. खडक, खडकातली कपार, कपारीतला दगड, प्रत्येक पायरीवर नवी वळणे हजर असतात.

आता आपल्याच राज्यांचे आकडे पाहा, कारण खरी मौज तेथे आहे. केरळ ५६९.७ वरून ६००.१५ वर गेला. महाराष्ट्र ६५२.६ वरून ८७७.९७ वर, गुजरात १,२१४.७ वरून २,३४०.६२ वर आणि पश्चिम बंगाल १५७.५ वरून ७२१.०२ वर. पट्टी सर्वांसाठी तीच, अठरापट बारीक. म्हणजे साधारण चार वेळा निम्मी केलेली. त्यावरून हिशेब केला तर पट्टी दर वेळी निम्मी करताना केरळची लांबी सव्वा टक्क्याने वाढते, महाराष्ट्राची सात टक्क्यांनी, गुजरातची सतरा टक्क्यांनी. रिचर्डसनच्या मोजणीत दक्षिण आफ्रिकेचा गुळगुळीत किनारा सुमारे दीड टक्क्याने वाढत होता आणि ब्रिटनचा दंतुर पश्चिम किनारा एकोणीस टक्क्यांनी. केरळ आफ्रिकेशेजारी बसला, कच्छ-सौराष्ट्र ब्रिटनशेजारी. केरळच्या पुळणी सरळ आहेत आणि तेथील कायल त्या पुळणींच्या मागे आहेत, हे ज्याने आलप्पुळ्याचा किनारा पाहिला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

पण बंगालचा वेग येतो चव्वेचाळीस टक्के. एवढी वाढ नॉर्वेच्या फियॉर्डांसारख्या ठिकाणी मिळते, जेथे पाणी जमिनीत खोलवर शिरलेले असते. सुंदरबनातही ते शिरलेले आहे. मात्र तेथे प्रश्न पट्टीचा उरत नाही. कोणत्या खाडीला समुद्र म्हणायचे आणि कोणतीला नदी, हा प्रश्न होतो आणि त्याचे उत्तर नकाशाचे प्रमाण देत नाही, ते नकाशा काढणारा देतो.

हा मुद्दा कोकणातल्या एका जागेवर तपासता येतो. दाभोळला वाशिष्ठीचे मुख आहे. फेरीबोटीत बसून पलीकडे धोपाव्याला काही मिनिटांत जाता येते. भरतीचे पाणी मात्र आत चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत, चाळीसएक किलोमीटर जाते. नकाशाकाराने मुखावर सरळ रेषा ओढून खाडी बंद केली तर या जागेचा हिस्सा फेरीच्या वाटेएवढा. त्याने एका काठाने गोवळकोटपर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने परत यायचे ठरवले तर ऐंशी किलोमीटर. जुन्या हिशेबाने महाराष्ट्राच्या संपूर्ण किनाऱ्याच्या बारा टक्के लांबी, एका खाडीच्या एका निर्णयात! आणि कोकणाला बाणकोट, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्या किती आहेत हे वाचकांना ठाऊक आहे.

खाडी कोठे तोडायची याचा निकष ठरवता येत नाही असे मात्र नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत तो चांगला ठरवलेला आहे: वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी पाच भागांवर येते तेथपर्यंत भरतीचा प्रभाव मानावा. हा निकष तपासता येतो. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेता येते. त्याच अधिसूचनेने नकाशांचे प्रमाणही बांधून दिले: १ : २५,००० आणि गावपातळीवर सुमारे १ : ४,०००. एका खात्याला जे जमले ते लांबी छापणाऱ्या खात्याला जमू नये याला कारण नाही.

पुदुच्चेरीचे उदाहरण तर सगळ्यांत बोलके आहे. तिचा किनारा ४७.६ वरून ४२.६५ किलोमीटरवर आला. बारीक नकाशाने लांबी कमी झाली! केवळ प्रमाण बदलल्याने हे होऊ शकत नाही. एखाद्या रेषेवरील दोन बिंदूंच्या मध्ये तिसरा बिंदू घेतला तर वाट लांबेल किंवा तेवढीच राहील, आखूड होणार नाही. तेव्हा एक तर प्रत्यक्ष जमीन बदलली असली पाहिजे, किंवा काय मोजायचे याची व्याख्या बदलली असली पाहिजे. जुन्या आणि नव्या आकड्यांची वजाबाकी करून 'वाढ' दाखवणाऱ्या तक्त्यात प्रमाण, व्याख्या आणि निसर्ग या तिन्ही गोष्टी एकत्र कालवल्या आहेत, आणि त्या पुन्हा वेगळ्या करण्याची सोय तक्त्यात नाही.

दशांशाविषयीही बोलले पाहिजे. ०.८१ किलोमीटरमधला शेवटचा आकडा दहा मीटरचा आहे. १ : २,५०,००० च्या नकाशावर दहा मीटर म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग, आणि किनाऱ्याची छापील रेषाच त्याच्या पाचपट जाड असते. जुन्या ७,५१६.६ मधले ते '.६' तर त्याहून हास्यास्पद होते. हिशेबयंत्रातून आले म्हणून छापले, याहून त्याला आधार नाही.

हे सारे विद्वानांचे कोडे म्हणून सोडून दिले असते, पण लांबीने भागाकार होतो. समजा, शंभर कोटी रुपये किनाऱ्याच्या लांबीनुसार वाटायचे आहेत. जुन्या आकड्यांनी केरळला ७.५८ कोटी मिळाले असते, नव्यांनी ५.४१. बंगालला २.१ ऐवजी ६.५. महाराष्ट्राचा किनारा सव्वादोनशे किलोमीटरने 'वाढला', तरी त्याचा वाटा ८.६८ वरून ७.९१ वर उतरतो. केरळच्या किनाऱ्यावर कोळ्यांची घरे तितकीच, लाटांनी खाल्ली जाणारी जमीन तितकीच. तरी केवळ नकाशा बदलल्यामुळे त्याचा हिस्सा चतुर्थांशाहून अधिक घटला. उद्या १ : २५,००० चा नकाशा घेतला तर वाटे पुन्हा हलतील, आणि पुन्हा सरळ किनाऱ्याचे राज्यच हरेल. 'अधिक अचूक नकाशा घ्या' हा नेहमीचा शासकीय उतारा येथे चालत नाही, कारण नि:पक्षपाती असे प्रमाणच अस्तित्वात नाही. जो प्रमाण निवडतो तो वाटेकरी निवडतो.

यावर कोणी म्हणेल की सुरक्षेसाठी तरी लांबी हवी. गस्तीची नौका खडकाखडकाला वळसा घालत नाही. देशाचे बारा सागरी मैलही आधाररेषेपासून मोजले जातात आणि ती रेषा दंतुर किनाऱ्यावर सरळ खंडांनी ओढता येते. नव्या लांबीमुळे आपल्या सागरी हद्दीत एका चौरस मैलाचीही भर पडत नाही. गस्तीसाठी मोजायचे ते बोटी उतरण्याचे बिंदू, आणि ते मोजता येतात. धूप, वादळ, मासेमारी यांसाठी किनाऱ्यापासून ठराविक अंतरातील पट्ट्याचे क्षेत्रफळ, त्यातील गावे आणि माणसे मोजावीत. पाच किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याचे क्षेत्रफळ नकाशा बारीक केल्याने फारसे हलत नाही, कारण लहानसहान वळणे पट्ट्याच्या पोटातच गडप होतात.

लांबी छापायचीच असेल तर चार गोष्टी त्याच ओळीत छापाव्यात: नकाशाचे प्रमाण, भरतीची रेषा की ओहोटीची, खाडी कोठे तोडली, आणि बेटे धरली की नाहीत. शेवटची बाब किरकोळ समजू नये. जुन्या ७,५१६.६ पैकी २,०९४ किलोमीटर अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपचे होते, आणि मुख्य भूमीचा आकडा ५,४२२.६ होता. दोन्ही आकडे शासकीय, दोन्ही 'भारताचा किनारा' या नावाने उद्धृत होत आले. नवा आकडा काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडिया आणि राष्ट्रीय जलालेखन कार्यालय या दोन्ही संस्था समुद्रापासून शेकडो मैल दूर, डेहराडूनला आहेत. त्यांना हे सारे माझ्यापेक्षा उत्तम ठाऊक आहे. त्यांच्या नकाशांवर प्रमाण ठळक छापलेलेच असते. ते गळते दिल्लीच्या टंकलेखनात, आकडा तक्त्यातून टिप्पणीत उतरताना, आणि ती टिप्पणी लिहिणाऱ्याला प्रमाणाचा रकाना परत घालायला एक ओळ पुरे आहे.