ढेकूण उन्हात मरतो का?

होस्टेलमध्ये ढेकणांचं नाव काढलं की सल्ला ठरलेला : "गादी उन्हात टाक." मीही मे महिन्यात माझी कापसाची गादी फुलंब्रीला घरी नेऊन गच्चीवर टाकली. चार दिवस कडक ऊन दिलं. पाचव्या रात्री पुन्हा चावे!

तेव्हा मनातला इंजिनिअर जागा झाला. थर्मोकपल गादीत खुपसून पाहिलं, तर वरची खोळ साठ अंशांवर आणि मधला कापूस जेमतेम बेचाळीस. ढेकूण मारायला पन्नासच्या वर उष्णता लागते, अंड्यांना तर पंचावन्नच्या आसपास तासभर. कापूस उष्णता आत जाऊच देत नाही आणि ढेकूण मजेत खालच्या गार बाजूला सरकतात. म्हणजे उन्हाचा उपयोग खोळ, चादर, उशीचा अभ्रा एवढ्यापुरताच, आणि त्यांनाही उकळतं पाणी बरं. गादी मात्र जाड प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. आतले ढेकूण बाहेर येत नाहीत, पण उपाशी ते कित्येक महिने जगतात, म्हणून वर्षभर ते प्लास्टिक काढायचं नाही. किंवा सरळ पिंजाऱ्याकडे नवीन गादी भरायला टाकावी.

खरा अड्डा तर कॉट! लोखंडी पाइपची उघडी टोकं, नट-बोल्टच्या फटी. शाईच्या थेंबांसारखे काळे ठिपके दिसले की समजावं. कॉट बाहेर अंगणात काढून पाइपमध्ये आणि फटीत उकळतं पाणी सावकाश ओतायचं. पायात बूट हवेत, आणि दुसऱ्याने कॉट धरायची. (आमच्या एका बहाद्दराने स्लीपर घालून हे केलं, आठवडाभर लंगडत होता.) मग टोकं मेणाने किंवा एम-सीलने बुजवायची. चुकलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा.

कॉट भिंतीपासून लांब, चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाटीत. नुसती प्लास्टिकची वाटी नको, आपल्याकडच्या ढेकणाला तीही चढता येते. चादर जमिनीला टेकली तर सगळं फुकट. वाटीत ढेकूण सापडले की समजायचं, अजून येतायत.

आता रागाची गोष्ट. माझा रूममेट गावाकडून धान्याच्या कोठारातल्या गोळ्या आणणार होता. "खोलीत ठेवू, दोन दिवस बंद करू." अरे बाबा, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या! हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, दाराखालून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. झोपलेला माणूस उठत नाही. रॉकेलही तसंच, एक ठिणगी पुरे.

आणि एकाच खोलीत फवारा मारला की ढेकूण वायरिंगच्या पाइपमधून शेजाऱ्याकडे पाहुणे जातात, आठवड्याने परत येतात. म्हणून रेक्टर सरांना माझी विनंती आहे : एका रविवारी एका विंगच्या सगळ्या कॉट एकदम बाहेर काढू द्या, मेसच्या भट्टीवर दोन पिंप पाणी उकळू द्या. पुढच्या दोन रविवारी तेच. पाणी ओतायला आम्ही आहोतच.