एंटर न दाबलेली कविता

'एंटर दाबला नाही, म्हणून गद्यकविता' हे मला मान्य नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'मधला परिच्छेद काव्यमय असतो, पण तो लेखाचा भाग असतो. पुढच्या परिच्छेदाकडे नेतो. गद्यकवितेला मागचंपुढचं काही नसतं.

जालन्याच्या मोसंबीबागेवर मी सहा वाक्यं लिहिली होती. त्यांचा क्रम उलटा केला, काही बिघडलं नाही. म्हणजे ते नुसतं वर्णन होतं. मग प्रत्येक वाक्य 'पाणी आलं की' असं सुरू केलं. पहिल्यात पाणी आलं की कळ्या येतात; शेवटच्यात पाणी टँकरनं येतं, तेव्हा बाग तोडलेली असते.

क्रम तर गोष्टीलाही लागतो. पण गोष्टीत घटना पुढे सरकते. इथं तेच तीन शब्द फिरून येतात आणि त्यांचा अर्थ उलटतो. ओळी तोडल्या असत्या, तर तो शेवट दुरूनच दिसला असता. गद्यात तो बेसावध गाठतो.