दुपारी मुकी होणारी घंटा

बाजारपेठेतील एका व्यापारी कुटुंबाचे घर. तळमजल्यावर दुकान, दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. आजोबांना इंजेक्शन देण्यासाठी परिचारिका रोज दुपारी दीड वाजता येत असे. एके दिवशी ती दहा मिनिटे खाली बटण दाबत उभी राहिली आणि अखेर परत गेली. वर सर्वजण जेवत होते. घंटा वाजलीच नव्हती. विशेष म्हणजे सकाळी दूधवाल्याने तेच बटण दाबले, तेव्हा ती खणखणीत वाजली होती.

ही घंटा बिनतारी होती. तिच्या बटणात नाण्याएवढा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. बटण दाबले की आतून क्षीण रेडिओलहर निघते आणि वर प्लगमध्ये बसविलेला ग्राहक ती ओळखून सूर वाजवितो. दोहोंची जुळणी सोपी असते. ग्राहकावरील जुळणीची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावी आणि लगेच बाहेरचे बटण दाबावे. मात्र खोक्यावर छापलेले शंभर-दीडशे मीटरचे अंतर मोकळ्या मैदानातील असते. लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणि भिंती आड आल्या की ते पुष्कळ घटते.

थोरल्या नातवाने प्रथम सेलवर संशय घेतला. बटणावरचा बारीक दिवा तर लागत होता. पण दिवा लागणे म्हणजे सेल सुदृढ असणे नव्हे. त्याने मल्टीमीटर लावला. सेल स्वस्थ असता २.९ व्होल्ट दिसले, बटण दाबताच मात्र आकडा २.४ वर घसरला. सेल जुना झाला की त्याचा आंतरिक रोध वाढतो आणि नेमके लहर सोडण्याच्या क्षणी दाब कोसळतो. म्हणून सेल बटण दाबलेले असतानाच तपासावा. नवा सेल घातल्यावर सकाळी घंटा दहापैकी दहा वेळा वाजली. दुपारी मात्र दहापैकी चारच वेळा.

सकाळ आणि दुपार यांत फरक होता तो शटरचा. बटण शटरच्या लोखंडी पट्टीवरच चिकटविलेले होते. सकाळी शटर वर असे, तेव्हा लहर उघड्या दुकानातून मागच्या जिन्यापर्यंत पोहोचत असे. दुपारी एक ते चार शटर खाली आले की तीच वाट लोखंडी पडद्याने बंद होई. शिवाय बटणाची पाठ लोखंडाला टेकलेली असल्याने आतील अँटेनाही बिघडल्यासारखी वागत होती. अशी घंटा बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालते. तिची लहर विटा आणि लाकूड यांतून काहीशी पार होते, लोखंडी पत्र्यातून होत नाही.

त्याने बटण काढून बाजूच्या जिन्याच्या लाकडी दाराच्या चौकटीवर, छातीच्या उंचीवर, आधी दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरते लावले. शटर खाली ओढून पुन्हा दहा वेळा दाबले. घंटा आठ वेळा वाजली. लाकडी जागा नसलीच, तर बटण व लोखंड यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा तुकडा ठेवला तरी फरक पडतो.

उरलेली चूक वर होती. ग्राहक पोलादी कपाटाच्या मागील प्लगमध्ये, शीतकपाटाशेजारी बसविला होता. तो जिन्याच्या तोंडाशी असलेल्या प्लगमध्ये हलविला, जेथे लहर जिन्याच्या पोकळीतून वर येते. आता बंद शटरानिशी दहापैकी दहा वेळा घंटा वाजली. त्यानंतरच बटण स्क्रूने कायमचे बसविले. एका वेळी एकच बदल करून प्रत्येक वेळी दहा वेळा मोजल्यामुळे कोणत्या उपायाने किती लाभ झाला, हे स्पष्ट कळले.

नातवाच्या मनात ग्राहक उघडून त्याला तारेची लांब अँटेना जोडण्याचा विचार आला होता. काकांनी त्यास रोखले, ते योग्यच केले. प्लगमध्ये बसणाऱ्या स्वस्त ग्राहकांतील मंडल अनेकदा थेट घरातील २३० व्होल्टच्या विजेशी जोडलेले असते. बाहेर काढलेली तार हातास लागली तर जिवावर बेतते. अंतर तरीही पुरले नाही, तर त्याच बटणाशी जुळणारा दुसरा ग्राहक पहिल्या मजल्यावर बसविणे हा सुरक्षित मार्ग होय.

एक मर्यादा मात्र राहतेच. वर घंटा वाजली की नाही, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला बटण सांगत नाही. त्याचा दिवा केवळ लहर सुटल्याचे दाखवितो. म्हणून त्या घरात आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुपारी, शटर बंद असतानाच एकजण खाली जाऊन बटण दाबून पाहतो. परिचारिकेला पुन्हा ताटकळावे लागलेले नाही.