यील्ड स्ट्रेंग्थ तशीच का ठेवली?

पुनर्विकास सुरू असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष गेल्या महिन्यात माझ्याकडे आले होते. बांधकामावरच्या सळयांच्या टेन्साइल टेस्टचा अहवाल मी त्यांना मराठीत करून दिला होता. कागद टेबलावर ठेवत ते म्हणाले, "ताई, सभासदांना कळावं म्हणून मराठी करून घेतलं. आणि ऐन तक्त्यात तुम्ही यील्ड स्ट्रेंग्थ, टेन्साइल स्ट्रेंग्थ, इलाँगेशन हे शब्द तसेच ठेवलेत. मग भाषांतर कशाचं केलं?"

प्रश्न रास्त होता. पैसे त्यांनी मोजले होते आणि वाचणारे त्यांचे सभासद होते.

याच अहवालाचे आधी कोणाकडून तरी करून घेतलेले एक भाषांतर त्यांच्या पिशवीत होते. त्यात यील्ड स्ट्रेंग्थची झाली होती 'उत्पन्न शक्ती' आणि टेन्साइल स्ट्रेंग्थची 'ताणशक्ती'. यील्ड म्हणजे उत्पन्न हा अर्थ शेतीत आणि गुंतवणुकीत चालतो, सळईत नाही. पण केवळ हा शब्द चुकला असता तर तो बदलून भागले असते. खरे नुकसान वेगळेच होते. दोन्ही ओळी 'शक्ती' झाल्यामुळे वाचणाऱ्याने त्या एकाच गोष्टीची दोन मापे समजून वाचल्या.

त्या दोन ओळी प्रत्यक्षात काय सांगतात ते मी अध्यक्षांना तारेच्या हँगरवरून दाखवले. हँगर थोडा वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो. जास्त वाकवला की वाकडाच राहतो. सळई यंत्रात धरून ओढतानाही असेच होते. एका मर्यादेपर्यंत ओढून सोडली की ती मूळ लांबीवर येते, त्यापुढे गेली की लांबलेलीच राहते. ती मर्यादा म्हणजे यील्ड. सळई तिथे तुटत नाही. पुढेही ती भार घेत राहते, आणि तिने पेललेल्या सर्वांत मोठ्या भारावरून टेन्साइल स्ट्रेंग्थ निघते.

आता त्यांच्याच अहवालातला दुसरा नमुना घेऊ. सळई १६ मिलिमीटरची, प्रत एफई ५००डी. वजन मीटरला १.५६ किलो भरले. सळईवर नक्षी असल्याने तिचे क्षेत्रफळ व्यास मोजून काढत नाहीत, वजनावरून काढतात. ते आले १९८.७ चौरस मिलिमीटर. यील्डचा भार ११०.९ किलोन्यूटन, म्हणजे ५५८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सर्वोच्च भार ११९.६ किलोन्यूटन, म्हणजे ६०२. आयएस १७८६ या मानकात या प्रतीला पहिला आकडा किमान ५०० लागतो आणि दुसरा किमान ५६५. दोन्ही आकडे वरचढ आहेत. तरीही प्रयोगशाळेने शेरा दिला होता: नमुना मानकानुसार नाही.

"आम्हाला वाटलं, लॅबचीच चूक झाली," अध्यक्ष म्हणाले. "दोन्ही शक्त्या तर भरपूर आहेत."

चूक नव्हती. मानकात तिसरी अट आहे: टेन्साइल स्ट्रेंग्थ ही प्रत्यक्ष मिळालेल्या यील्डच्या किमान १.१० पट हवी. ६०२ भागिले ५५८ म्हणजे १.०८. इथे नमुना नापास झाला. भूकंपात काँक्रीटला तडा जातो तेव्हा त्या जागची सळई यील्डपलीकडे ताणली जाते. तिच्यात पुढे पुरेशी वाढीव ताकद असेल तर ताण आजूबाजूच्या लांबीवर पसरतो. ती नसेल तर सगळे लांबणे त्या एका तड्याशी साचते आणि सळई तिथेच तुटू शकते. म्हणून यील्ड जास्त निघाली की सळई चांगली, असे सरळ गणित इथे चालत नाही. पहिला नमुना यील्डला कमी होता, ५२८. पण त्याची टेन्साइल ६२२ होती, गुणोत्तर १.१८, आणि तो पास झाला. 'उत्पन्न शक्ती' आणि 'ताणशक्ती' वाचून हा फरक कोणाच्या ध्यानात यावा?

"मग चांगला मराठी शब्द घाला की," ते म्हणाले. घालता येईल. शरणबिंदू, नमनबिंदू, पराभव असे पर्याय सुचतात, आणि 'शरण' मला मनापासून आवडतो, कारण सळई तिथे खरोखरच ओढीला शरण जाते. लेखात किंवा पाठ्यपुस्तकात मी तो आनंदाने वापरीन, कारण तिथे शब्द समजावायला जागा असते. चाचणी अहवाल एकटा वाचला जात नाही. त्याच्या एका बाजूला कारखान्याचा दाखला असतो आणि दुसऱ्या बाजूला मानक. सभासद, संस्थेचा अभियंता, कंत्राटदार, उद्या वाद झालाच तर पंच, सगळे तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळीशी ओळ जुळवणार. माझा शब्द त्या दोन कागदांवर कुठेच नसेल, तर ती जुळणी माझ्या भाषांतरापाशी तुटते.

आणखी एक कारण मी त्यांना सांगितले, कारण ते महत्त्वाचे आहे. या ओळीचे नाव मोजण्याची रीतही सांगते. साध्या मऊ पोलादात यील्ड आली की यंत्राचा काटा क्षणभर थबकतो, ती जागा दिसते. पुष्कळ सळयांत असा थांबा येतच नाही, आलेखाची रेषा नुसती हळूहळू वळते. अशा वेळी ०.२ टक्के कायमचे लांबणे ही खूण धरतात. ८० मिलिमीटर मापलांबीवर ते होते जेमतेम ०.१६ मिलिमीटर, आणि ते टिपायला सळईवर एक्स्टेन्सोमीटर लावावा लागतो. त्या आकड्याला प्रूफ स्ट्रेस म्हणतात. मानकाच्या तक्त्यात प्रूफ स्ट्रेस आणि यील्ड स्ट्रेस एकाच ओळीत शेजारी आहेत, आणि चाचणीच्या पद्धतीचे जे मानक आहे त्यात यील्ड स्ट्रेंग्थ. प्रयोगशाळेने कोणते नाव लिहिले यावरून तिने आकडा कसा काढला हे विचारता येते. मी सगळ्यांना एकच मराठी नाव दिले, तर तो प्रश्न विचारायची सोयच संपते. प्रयोगशाळेने जे लिहिलेले नाही ते तिच्या नावावर घालण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

म्हणून तक्त्यातली चार-पाच नावे मी देवनागरीत तशीच ठेवली, बाकी सगळे मराठी केले. नमुना कुठून घेतला, कधी मिळाला, शेरा काय, आणि तळाशी बारीक अक्षरात असलेले, सहसा कोणी वाचत नाही असे वाक्य: हे निष्कर्ष फक्त चाचणी केलेल्या नमुन्यांपुरते आहेत. हे वाक्य मराठीत येणे सभासदांना यील्डच्या मराठी नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. दोन नमुने म्हणजे आवारातल्या सगळ्या सळया नव्हेत.

पण अध्यक्षांचे एक म्हणणे मी मान्य केले. तक्ता तसाच ठेवायचा तर समजावणारे पान माझ्याकडून जायला हवे होते, आणि ते मी दिले नव्हते. ते लिहिले. हँगर, काट्याचा थांबा, १.१० चे गुणोत्तर, सगळे त्यात मराठीत आले. हे पान अहवालाचा भाग नाही, असे त्याच्या माथ्यावर लिहून ते वेगळे जोडले.

ते घेऊन अध्यक्षांनी माझ्यासमोरच मानकाचा तक्ता उघडला आणि यील्डच्या ओळीवर बोट ठेवून शेजारी अहवाल ओढला. मग विचारले, "नापास झाला तर पुढे काय?" त्याच मालातून आणखी दोन नमुने घ्यायचे, आणि ज्या अटीत हा नमुना नापास झाला ती चाचणी दोन्हींवर पुन्हा करायची. दोन्ही उतरले तरच माल मान्य. कंत्राटदाराला द्यायचे पत्र त्यांनी तिथेच बसून मराठीत लिहिले. त्यात टेन्साइल आणि यील्डचे गुणोत्तर १.०८ आले असल्याचे त्यांनी स्वतःच्या हाताने, याच शब्दांत लिहिले.